काढलेला प्रोग्राम जातो कुठे?

पत्रिकेत विषय छापलाय 'इन्स्टॉलेशनच्या अडचणी व उपाय'. अडचणी पुष्कळ आहेत, पण मी एकीवरच बोलणार. विंडोजवर सेटअप चालू केला, हिरवी पट्टी पाऊणपर्यंत गेली, आणि मग ती मागे सरकायला लागली, असं किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. बरेच आहेत. शेवटी एक खिडकी येते: `Fatal error during installation`, आकडा 1603. त्याचा अर्थ एवढाच की काहीतरी बिघडलं. काय बिघडलं हे तो आकडा सांगत नाही.

सांगलीत एका करसल्लागारांचं ऑफिस आहे. मार्च अखेर, आणि हिशेबाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसेना. नाव सांगत नाही, इथेही वापरणारे बसलेत. मी गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "जुनं आम्ही स्वच्छ काढलंय हो, काही ठेवलं नाही." कसं काढलं? भाच्याने `Program Files` मधलं फोल्डर डिलीट केलं. आणि सी ड्राइव्ह भरलाय म्हणून त्याच उत्साहात `C:\Windows\Installer` हे फोल्डरही रिकामं केलं. हे फोल्डर लपवलेलं असतं. भाच्याने ते शोधून काढलं, हुशार पोरगा! (हशा) घरोघरी असा एक भाचा असतोच. आमच्याकडे दोन आहेत, पण तो विषय वेगळा.

प्रत्येक एमएसआय प्रोग्राम, म्हणजे .msi पॅकेजमधून बसणारा, बसताना आपल्या पॅकेजची एक प्रत त्या फोल्डरात ठेवतो, भलत्याच आकडे-अक्षरांच्या नावाने. तो काढायची वेळ आली की विंडोज तीच प्रत उघडून वाचतं: कुठल्या फाइली टाकल्या होत्या, कुठल्या नोंदी केल्या होत्या. भाच्याने तीच उडवली. रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतली, नोंद मात्र शाबूत राहिली. वाडा पाडला, पण सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच. नवा खरेदीदार आला की फेरफार अडलाच.

नवी आवृत्ती येते, अपग्रेड कोडवरून, म्हणजे जुन्या-नव्या आवृत्त्यांच्या सामायिक ओळखखुणेवरून, रजिस्ट्रीत जुनी नोंद शोधते, ती सापडली की म्हणते आधी हिला काढते. काढायला गेली तर प्रत नाही. मग सगळं उलटं फिरतं, आणि आपल्या हाती 1603.

साहेबांनी तोवर काय करावं? मशीन तीनदा रीस्टार्ट, अँटिव्हायरस बंद, आणि एक फुकटचा 'रजिस्ट्री क्लीनर'. या क्लीनरांवर माझा जुना राग आहे. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं 'विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप' नावाचं साधन होतं. त्यानेही कधीकधी दुसऱ्याच प्रोग्रामांचं नुकसान व्हायचं, म्हणून २०१० मध्ये त्यांनीच ते मागे घेतलं. मालकालाच जे जमलं नाही ते हा फुकट्या करणार? तरी लोक उत्साहाने...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे 'उपाय' आता पळत पळत.

पहिलं, अंदाज बांधू नका, लॉग काढा. `C:\temp` फोल्डर आधी तयार हवं, आणि कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून सेटअप ठेवलेल्या फोल्डरात जा:

```
msiexec /i setup.msi /l*v C:\temp\log.txt
```

लॉगमध्ये `Return value 3` शोधा आणि त्याच्या वरच्या ओळी वाचा. इंग्रजी विंडोजवर हेच शब्द येतात. सांगलीत तिथे Error 1714 होता, म्हणजे जुनी आवृत्ती काढता येत नाही, आणि त्याच ओळीत System Error 1612, म्हणजे मूळ पॅकेज सापडत नाही. रोगाचं नाव मिळालं.

दुसरं, जुन्या आवृत्तीचं तेच एमएसआय मिळवा. तीच बिल्ड हवी, आणि शक्यतो फाइलचं नावही पहिल्यासारखंच, नाहीतर तिथेच अडतं. मग `msiexec /fvomus` आणि पुढे त्या फाइलचा पत्ता. याने जुना प्रोग्राम पुन्हा बसतो आणि हरवलेली प्रत जागेवर येते. आता तो नेहमीसारखा अनइन्स्टॉल करा, मग नवा टाका. साहेबांच्या जुन्या सीडीच्या गठ्ठ्यात ती फाइल निघाली.

फाइल मिळालीच नाही तर मायक्रोसॉफ्टचा 'प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर' आहे. तो त्या एका प्रोग्रामची अडलेली नोंद काढतो. पण फाइली आणि सर्व्हिस राहू शकतात, त्या नंतर पाहाव्या लागतात. रजिस्ट्रीत हाताने शिरणाऱ्यांसाठी: `Installer\Products` खाली प्रॉडक्ट कोड सरळ लिहिलेला नसतो, पहिले आठ अक्षर उलटे, पुढचे चार-चारही उलटे. कोड टाकून शोधाल तर हाती काही लागणार नाही, प्रोग्रामच्या नावाने शोधा. काही हटवण्याआधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि हिशेबाचा डेटा त्याआधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. साहेबांचा डेटा वेगळ्या ड्राइव्हवर होता म्हणून भाचा अजून त्या घरात जेवतो.

हो, हो, झालं. थांबतो.