आयताची उंची आणि पावसाची सरासरी

(रत्नागिरीत शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज एकच प्रश्न घेऊन बसू. आयतालेख समोर आहे, त्यातले वर्ग सारख्या रुंदीचे नाहीत आणि मूळ नोंदी हाताशी नाहीत. अशा वेळी सरासरी कशी काढायची, आणि काढलेल्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा?

उदाहरण पावसाचंच घेऊ. कोकणात दुसरं कशाला शोधायचं! असमान वर्ग इथे कुणी मुद्दाम मुलांना अडवण्यासाठी केलेले नाहीत. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं जातं आणि त्या दिवसाचा आकडा ठरतो. हवामान खातं त्याचे प्रकार पाडतं. अडीच मिलिमीटरपासून साडेपंधरापर्यंत हलका, तिथून साधारण साडेचौसष्टपर्यंत मध्यम, मग ११५.५ पर्यंत मुसळधार आणि २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. अडीचच्या खालचा पहिला वर्ग अडीच मिमी रुंद, अतिमुसळधारचा जवळजवळ नव्वद. असं का, ते तुम्ही दरवर्षी पाहता. रिपरिपीचे दिवस पुष्कळ असतात, झोडपून काढणारे मोजके. सगळीकडे दहा-दहा मिमीचे वर्ग केले, तर डावीकडे बारीक पावसाचे सगळे दिवस एकाच खोक्यात कोंबले जातील आणि उजवीकडे रिकाम्या खोक्यांची रांग लागेल.

फळ्यावरचा आलेख एका पावसाळ्याचा आहे, जून ते सप्टेंबर, १२२ दिवस. आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत आणि तोंडी हिशेब जमावा म्हणून वर्गांच्या सीमाही किंचित सरकवल्या आहेत. ० ते २.५, २.५ ते १५, १५ ते ६५, ६५ ते ११५ आणि ११५ ते २०५ मिमी. उभ्या अक्षावर लिहिलंय ‘दर मिमीस दिवस’. हीच वारंवारता घनता, म्हणजे वर्गातले दिवस भागिले वर्गाची रुंदी. उंच्या वाचू या. १२, ३.२, ०.७२, ०.२४, आणि शेवटची पट्टी अक्षाला चिकटलेली, साधारण ०.०४५.

आता इथे जरा थांबा. पहिल्या वर्गाची उंची १२ आहे म्हणून तिथे १२ दिवस आहेत का? नाहीत. दिवस उंचीत नसतात, क्षेत्रफळात असतात. उंचीला रुंदीने गुणायचं. १२ गुणिले २.५ म्हणजे ३० दिवस. ३.२ गुणिले १२.५ म्हणजे ४०. ०.७२ गुणिले ५० म्हणजे ३६. ०.२४ गुणिले ५० म्हणजे १२. शेवटचा ०.०४५ गुणिले ९०, येतात ४.०५. दिवस पूर्णांकातच असणार, म्हणून ४. आता बेरीज करा, ३०, ४०, ३६, १२ आणि ४, बरोबर १२२. ही बेरीज केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती १२२ आली नसती, तर एखादी उंची चुकीची वाचली किंवा अक्षावरचं प्रमाण नजरेतून निसटलं, हे इथेच कळलं असतं.

पुढचं तुमच्या सवयीचं आहे. वर्गमध्य घ्या, १.२५, ८.७५, ४०, ९० आणि १६०. त्यांना दिवसांनी गुणा. ३७.५, ३५०, १४४०, १०८० आणि ६४०. बेरीज ३५४७.५ मिमी. तिला १२२ ने भागलं की रोजची सरासरी साधारण २९.१ मिमी येते.

भूमितीतून बघायचं तर हा आलेख जाड पुठ्ठ्यावर काढून कापला आणि सुरीच्या धारेवर ठेवला, तर तो २९.१ पाशी तोलेल. वजन पुठ्ठ्याच्या क्षेत्रफळाला असतं, उंचीला नाही, हे यातून हाताला कळतं.

चूक झाली तर ती किती मोठी होते? पेपर तपासताना सर्रास दिसते ती चूक अशी, की उंच्यांनाच वारंवारता समजून वर्गमध्यांनी गुणायचं. करून बघा. गुणाकारांची बेरीज येते साधारण १००.६, उंच्यांची बेरीज १६.२, आणि सरासरी ६.२ मिमी. कागदावर हे उत्तर काही वावगं वाटत नाही. पण त्याला १२२ ने गुणा, अख्ख्या पावसाळ्याचा पाऊस ७५६ मिमी निघतो. एवढ्यात आपली भातलावणी तरी उरकेल का? हा आकडा घाटापलीकडचा आहे, किनाऱ्यावरचा नव्हे.

दुसरी चूक उलट बाजूची. कुणी आलेख काढतानाच घनता न घेता दिवसांची संख्याच उंची म्हणून घेतो, ३०, ४०, ३६, १२, ४. वाचणारा मात्र शहाणा, तो क्षेत्रफळावरून हिशेब करतो. मग रुंद वर्ग विनाकारण लठ्ठ होतात आणि सरासरी ५६.४ मिमीवर जाते. पावसाळ्याचा पाऊस जवळपास ६९०० मिमी! हा आंबोलीच्या माथ्यावर शोभेल. तेव्हा उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते आधी वाचा. नुसतं ‘दिवस’ लिहिलेलं असेल आणि वर्ग असमान असतील, तर उंची हीच संख्या समजा आणि क्षेत्रफळाच्या भानगडीत पडू नका. तो आयतालेख म्हणून चुकीचा काढलेला आहे, पण त्यातली संख्या अजून वापरता येते.

अक्षावर ‘दर १० मिमीस दिवस’ असंही कधी असतं. मग सगळ्या उंच्या दसपट दिसतात. सरासरीला त्याने काही होत नाही, वरखाली दोन्हीकडे दहा येऊन कटतात. दिवसांची बेरीज मात्र १२२ ऐवजी १२२० येते, आणि तेवढ्यावरून कळतं.

आता मला ज्यात खरा रस आहे तिकडे वळतो. २९.१ ही सरासरी खरी आहे का? आपण एक गोष्ट मुकाट्याने धरून चाललो, की प्रत्येक वर्गातले दिवस त्या वर्गात सारखे पसरलेत. तसं धरलं तरच वर्गमध्य चालतो. मूळ नोंदी नाहीत, म्हणून आधी खात्रीची हद्द बघू. सगळे दिवस आपापल्या वर्गाच्या खालच्या सीमेवर आहेत असं धरा, बेरीज १८८० मिमी, सरासरी १५.४. सगळे वरच्या सीमेवर धरा, बेरीज ५२१५, सरासरी ४२.७. खरी सरासरी या दोहोंच्या मधेच असणार. हद्द मोठी आहे, खरं आहे. पण ती कुठून आली ते पाहा. दोन्ही बेरजांत ३३३५ चा फरक आहे आणि त्यातले ३६ गुणिले ५०, म्हणजे १८०० एकट्या मधल्या वर्गाचे. निम्म्याहून जास्त अनिश्चितता १५ ते ६५ या एका वर्गात बसली आहे. आणि आलेखातला सर्वांत उंच मनोरा? ३० दिवस गुणिले २.५, फक्त ७५. त्यात कोरडे, उघडिपीचे दिवसही आहेत. ते सगळेच शून्य मिमीचे निघाले, तरी सरासरी ०.३ मिमीनेच उतरेल. डोळा उंच मनोऱ्याकडे जातो, पण काळजी करायची ती बुटक्या, रुंद वर्गाची.

मग त्या मधल्या वर्गाचं करायचं काय? शेजाऱ्यांकडे बघा. डावीकडची घनता ३.२, आपली ०.७२, उजवीकडची ०.२४. उतार सरळ दिसतोय. १५ ला घनता एका पायरीत उतरते आणि थेट ६५ पर्यंत सपाट राहते, असं निसर्गात होत नाही. पंधरा-वीस मिमीचे दिवस साठ-पासष्ट मिमीच्या दिवसांपेक्षा जास्त असणार. म्हणजे हे ३६ दिवस वर्गाच्या डाव्या अंगाला दाटलेत आणि ४० हा वर्गमध्य त्यांच्यासाठी जास्त आहे. उजवीकडे उतरत जाणाऱ्या अशा आलेखात वर्गमध्य बहुधा सरासरी फुगवतो.

याला एक साधा उपाय आहे. वर्ग मधोमध कापा, १५ ते ४० आणि ४० ते ६५. समजा ३६ पैकी २४ दिवस पहिल्या भागात आणि १२ दुसऱ्यात घातले. घनता झाल्या ०.९६ आणि ०.४८. आता क्रम लागतो ३.२, ०.९६, ०.४८, ०.२४, उतरता आणि पटण्यासारखा. नवे वर्गमध्य २७.५ आणि ५२.५, गुणाकार ६६० आणि ६३०, मिळून १२९०. आधी होते १४४०. दीडशे कमी झाले, सरासरी २९.१ वरून २७.८ वर आली. २४ आणि १२ हीच वाटणी खरी असा माझा दावा नाही. २२ आणि १४ घेतलेत तर आकडा थोडा हलेल. पण चूक कोणत्या दिशेला आहे आणि साधारण केवढी आहे, हे आलेखानेच सांगितलं. म्हणून उत्तर लिहिताना ‘सुमारे २८ मिमी’ लिहा. २९.०८ लिहिण्याचा अधिकार या आलेखाने आपल्याला दिलेला नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, तो मघाशी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारला. २०५ च्या वर पाऊस झाला तर? हवामान खात्याचा तो वर्ग वरून उघडा आहे. रुंदीच ठाऊक नाही, तर घनता कशी काढणार, आयत कुठपर्यंत ओढणार? ‘मागच्या वर्गाएवढीच रुंदी धरा’ असा सल्ला पुस्तकी गणितात चालतो. पावसात तो दगा देतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. ९० रुंदी धरली तर तुमचा वर्गमध्य २५० असेल. त्या एका दिवसापायी बेरजेत ६९४ मिमीचा फरक पडतो आणि १२२ दिवसांच्या सरासरीत ५.७ मिमीचा. मघाशी आपण एवढ्या खटपटीने जी दुरुस्ती केली, त्याच्या चौपटीहून जास्त. आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिमीच्या आसपास नोंद होती, म्हणजे शेजारचं केंद्र बघून अंदाज बांधायचीही सोय नाही.

अशा वेळी मी आलेखातून सरासरी काढत नाही. उघड्या वर्गात दिवस दोन-चारच असतात. त्यांचे प्रत्यक्ष आकडे नोंदवहीतून मिळवायचे, बेरजेत जसेच्या तसे घालायचे आणि वर्गमध्याची पद्धत फक्त बाकीच्या दिवसांना लावायची. आलेख तुम्ही स्वतः काढत असाल, तर उजव्या टोकाला आयत काढू नका. तिथे लिहा, ‘२०५ च्या वर : इतके दिवस, त्यांचा एकूण पाऊस इतका मिमी’. वाचणाऱ्याला सरासरीसाठी हे दोन आकडे पुरतात.