‘समजलं ना?’

[दृश्य: गोदामाचं शटर वर जातं. जमिनीवर परत आलेल्या मालाची चाळीस खोकी.]

सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली आहे. नव्यानेच सुपरवायझर झालेल्या बाई चालता चालता थांबतात आणि खोक्यांकडे बोट दाखवतात.

“हा परत आलेला माल दुपारपर्यंत क्लिअर करून टाका. समजलं ना?”

“हो, मॅडम.”

संपलं. नव्या व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणासाठी उभा केलेला हा प्रसंग काही सेकंदांचाच आहे. पण घोटाळा झाला तो एवढ्यातच, म्हणून तो पुन्हा बघू.

[दृश्य: तोच प्रसंग, संथ गतीने. दोघांचे चेहरे.]

‘क्लिअर’ म्हणताना मॅडमच्या मनात होतं की खोकं उघडायचं, माल तपासायचा, फुटका वेगळा काढायचा आणि धड माल रॅकवर लावायचा. समोरच्या कामगाराने आधीच्या साहेबांच्या हाताखाली तीन वर्षं काढली आहेत. त्यांच्याकडे ‘क्लिअर’ म्हणजे जागा मोकळी करणं. त्याने खोक्यांवर नवी लेबलं चिकटवली आणि माल गाडीत चढवला. त्याचं ‘हो’ खोटं नव्हतं. त्याला समजलंच होतं, फक्त वेगळं समजलं होतं.

आणि तो ‘ना’ ऐकलात? ‘समजलं ना?’ म्हटल्यावर उत्तराला वाटच उरत नाही. चार जणांसमोर, साहेबाच्या तोंडावर ‘नाही’ कोण म्हणेल?

फुटका माल ग्राहकांकडे गेला आणि परत आला. पुढे जाऊ.

[दृश्य: प्रशिक्षणाची खोली. एक जण टेबलावर बोटांनी ताल धरतो आहे.]

हा खेळ सोपा आहे. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं मनात म्हणायचं आणि फक्त ठेका वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी हाच प्रयोग केला होता. १२० वेळा गाणी वाजवली गेली, ओळखली गेली ती ३. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी तरी ओळखतील.

वाजवणाऱ्याचा चेहरा बघा. एवढं सोपं आहे, याला कसं कळत नाही, असा वैताग त्यावर दिसतोय. त्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू आहे, समोर पोचते ती टकटक. सकाळी गोदामात ‘क्लिअर’ हा शब्दही असाच पोचला होता.

[दृश्य: गोदाम. प्रसंग दुसऱ्यांदा.]

आता मॅडम खोक्यांपाशी उभ्या राहून सांगतात. “ही चाळीस खोकी एकेक उघडा. आतला माल फुटका असेल तर डावीकडे ठेवा, धड असेल तर रॅकवर. एक वाजेपर्यंत व्हायला हवं. यातलं काहीही आज गाडीत चढवायचं नाही.”

काय करायचं नाही, हे शेवटचं वाक्य नव्या व्यवस्थापकांकडून हमखास राहून जातं.

“माझ्याकडून काही सांगायचं राहिलं असेल. तुम्ही कसं करणार, सांगा बरं.”

कामगार घडाघडा सांगतो. फुटका डावीकडे, धड रॅकवर, एक वाजेपर्यंत. इथे प्रशिक्षक प्रसंग थांबवतात, कारण ही पोपटपंची झाली. शब्द परत आले, समज आली की नाही ते कळलं नाही.

[दृश्य: मॅडम ढिगातून एक खोकं उचलतात. सील तुटलेलं आहे.]

“हे बघा. माल धड आहे, पण सील तुटलंय. हे कुठे ठेवाल?”

कामगार खोकं हातात फिरवतो. डावीकडे बघतो, रॅककडे बघतो. मग मॅडमकडे.

ही शांतता आम्ही कापली नाही. कारण या क्षणी मॅडमनाही उत्तर माहीत नाही. सूचनेतच भोक होतं आणि ते सापडलं ते अवघड खोकं हातात दिल्यावर. त्या विचार करून सांगतात, “याची तिसरी रास लावा. मी येऊन बघते.”

तपासणी खरं तर सांगणाऱ्याची असते, ऐकणाऱ्याची नव्हे. म्हणून ‘माझ्याकडून राहिलं असेल’ हे वाक्य मनापासून यावं लागतं. परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, तर वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस दुखावतो, आणि बरोबरच आहे त्याचं. रोजच्या सवयीच्या कामात तर हे विचारूच नये. काम नवं असेल किंवा चुकल्यावर निस्तरणं महागात पडणार असेल, तरच विचारावं.

[दृश्य: घड्याळ. दहा मिनिटं झाली आहेत. मॅडम परत येतात.]

पाच खोकी झाली आहेत. मॅडम एक वाजेपर्यंत थांबल्या नाहीत, कारण पाच खोक्यांत झालेली चूक निस्तरता येते. दोन रॅकवर, दोन डावीकडे.

तिसऱ्या राशीत एक. कामगार स्वतःहून ते पुढे करतो.

“मॅडम, याला सील आहे, पण लेबल दुसऱ्याच मालाचं आहे. हे पण इथेच ना?”