गडग्यावरची कॉफी

श्रोतेहो, नमस्कार.

जगातली सगळ्यात महाग कॉफी म्हणून जिचं नाव घेतात ती कोपी लुवाक. लुवाक म्हणजे उदमांजर. ते पिकलेली कॉफीची फळं खातं, गर पचवतं, आणि बिया विष्ठेतून बाहेर पडतात. त्या धुऊन, भाजून केलेली ही कॉफी. होय, बरोबर ऐकलंत, विष्ठेतून.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या कुळागरात पोफळींच्या सावलीत कॉफीची दहा-बारा झाडं आहेत. आजोबांनी हौसेनं लावलेली. रात्री कौलांवर धावपळ ऐकू आली की काकी झोपेतच म्हणते, "आला तो." त्याची हागायची जागा ठरलेली, विहिरीजवळचा चिऱ्याचा गडगा. तिथं कधी पेरूच्या बिया, कधी भेरली माडाच्या. एका डिसेंबरात मला तिथं कॉफीच्या बिया दिसल्या आणि डोक्यात किडा वळवळला.

तीन आठवडे रोज सकाळी मी हातमोजे घालून, पत्र्याचा डबा घेऊन गडग्यावर. काकी अंगणातून ओरडायची, "अरे, शिकला-सवरलेला तू, हे काय गोळा करतोस?" काही दिवशी डबा रिकामा, काही दिवशी नुसते पेरू. उदमांजर काही आमचं नोकर नव्हे. जे मिळालं ते सात पाण्यांनी धुतलं, सुपात वाळवलं. बियांवर कागदासारखं कडक साल असतं, ते शाबूत होतं. म्हणजे आतल्या बीला घाण थेट लागत नाही. पोटातले रस मात्र त्या सालातून थोडे आत मुरतात. साल काढलं, फुटक्या बिया निवडल्या, लोखंडी कढईत भाजल्या. तीन आठवड्यांचं पीक किती? पन्नास ग्रॅम. जेमतेम पाच कप.

काकीनं एक घोट घेतला. "मऊ आहे. पण सुंठ घातली असती तर कॉफी झाली असती." (मला विचाराल तर चिकोरी घातलेल्या पुडीला कॉफी म्हणणंच चूक, पण ते भांडण आमच्या घरात वेगळं आहे.)

तर श्रोतेहो, पाच कपांना तीन आठवडे, हे लक्षात ठेवा. जंगलातून वेचलेल्या कॉफीची किंमत ही अशी वाढते. उरलेली किंमत गोष्टीची. 1991 साली टोनी वाइल्ड या इंग्रज कॉफी व्यापाऱ्यानं जेमतेम किलोभर कोपी लुवाक ब्रिटनमध्ये नेली आणि गाजावाजा झाला. पुढं 2013 साली त्याच माणसानं, ही कॉफी घेऊ नका, अशी मोहीम काढली.

का, ते माझ्या पुतण्याच्या बाली सहलीत कळलं. मळ्यावर पिंजऱ्यात दोन उदमांजरं आणि शेजारच्या दुकानात शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं, त्याच्या मोजणीनं दोनशे. आता हिशेब करा. दोनशे पाकिटं म्हणजे वीस किलो भाजलेली कॉफी. भाजताना वजन घटतं, म्हणजे कच्च्या बिया साधारण चोवीस किलो. किलोभर बियांना पाच-सहा किलो फळं लागतात. म्हणजे किमान एकशेवीस किलो फळं, आणि जनावराचं वजन तीन-चार किलो! मग एक तर पाकिटात साधी कॉफी, नाही तर नजरेआड आणखी पिंजरे.

आणि चवीवरून हे ओळखता येत नाही. 2013 साली जपानी संशोधकांनी सायट्रिक आम्लासारख्या घटकांच्या प्रमाणावरून खरी लुवाक आणि साधी कॉफी वेगळी करून दाखवली. पण बी उदमांजराच्या पोटातून गेली, एवढंच त्यातून कळतं. जनावर रानात होतं की पिंजऱ्यात, हे कळत नाही. पुन्हा सांगतो, पिंजऱ्यातली कॉफीही या अर्थानं 'अस्सल'च ठरते. त्यामुळे पाकिटावरचा 'रानातली' हा शब्द फक्त विकणाऱ्याच्या भरवशाचा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं हे जनावर संरक्षित आहे, त्याला धरून कोंडणं गुन्हाच.

ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी बालीतल्या सोळा मळ्यांवरचे पिंजरे पाहिले. उदमांजर एकटं राहणारं, रात्री झाडाझाडांवर फिरणारं. तिथं पायाखाली तारेची जाळी, दिवसभर पर्यटकांचा गोंगाट, चढायला फांदी नाही, आणि कित्येकांच्या पुढ्यात कॉफीच्या फळांखेरीज फारसं काही नाही.

पुतण्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. काकीनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"पेरू देतात का रे त्याला?"

"नाही गं. कॉफीच."

"आणि रात्री?"

"रात्रीही पिंजऱ्यातच."

काकीनं मोबाइल परत दिला. पुतण्यानं तिथून आणलेलं पाकीट अजून कपाटात आहे, फोडलेलं नाही. आणि हल्ली एखादा पिकलेला पेरू संध्याकाळी गडग्यावर राहून जातो. काकी म्हणते, विसरला.