आपली वर्दी कोणत्या केंद्रात जाते?

श्रोतेहो, नमस्कार.

आमची सोसायटी पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठावर आहे. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत पेटलं, तेव्हा दोघा-तिघांनी मोबाइलवर जवळचं अग्निशमन केंद्र शोधलं. पहिली दोन नावं निघाली आग विझवायचे सिलिंडर विकणाऱ्या दुकानांची. तिसरं नाव खऱ्या केंद्राचं होतं आणि नकाशावर ते अगदी शेजारीच दिसत होतं. फक्त ते नदीच्या पलीकडे होतं. पुलावरून वळसा घालून यायचं तर अंतर तिपटीहून जास्त भरत होतं. आग आम्हीच बादल्यांनी विझवली, पण आपल्याकडे गाडी नक्की येते कुठून, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

शोध घरातल्याच एका कागदापासून सुरू केला. घरपट्टीच्या पावतीपासून. अग्निशमन हे आपल्याकडे स्थानिक संस्थेचं काम असल्यामुळे पावती कोणाची आहे ते आधी बघावं लागतं. महापालिकेची, नगर परिषदेची की ग्रामपंचायतीची? बहुतेक ग्रामपंचायतींकडे स्वतःचा बंब नसतो. मग जवळच्या नगर परिषदेची, प्राधिकरणाची किंवा एमआयडीसीची गाडी येते. जुनी पावती मात्र दगा देऊ शकते. पुणे महापालिकेत 2017 साली अकरा गावं आली आणि 2021 मध्ये आणखी तेवीस. त्या पहिल्या अकरांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं पुढे परत बाहेर पडली आणि त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. घर तिथेच राहिलं, हद्द मात्र दोनदा हलली. म्हणून पावती चालू वर्षाचीच घ्यावी.

संस्था कळली की तिच्या अग्निशमन नियंत्रण कक्षाचा साधा लँडलाइन नंबर मिळवायचा. 101 हा नंबर चौकशीसाठी अडवून ठेवू नये, म्हणून हा दुसरा नंबर. शिवाय दोन शहरांच्या सीमेवरून मोबाइलने 101 लावला तर फोन शेजारच्या शहराच्या कक्षात लागू शकतो. अशा वेळी हाताशी असलेला लँडलाइन नंबर उपयोगी पडतो.

मी सकाळी अकराला फोन केला. "जवळचं केंद्र कोणतं?" असं विचारलं असतं, तर त्यांनीही कदाचित नकाशाचंच उत्तर दिलं असतं. म्हणून मी पत्ता सांगून विचारलं, "या पत्त्यावरची वर्दी आली, तर पहिली गाडी कुठून सुटते? आणि ती बाहेर गेलेली असेल, तर दुसरी कुठून?" पलीकडचे गृहस्थ क्षणभर थांबले, मग दोन केंद्रांची नावं सांगितली. नदीपलीकडचं केंद्र दुसऱ्या क्रमांकावर होतं. वर त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या सोसायटीचं मागचं गेट उघडं असतं का?" ते आम्ही दोन वर्षं कुलूप लावून ठेवलं होतं, आणि पहिल्या केंद्राचा रस्ता नेमका त्याच गेटावर येत होता.

ॲम्ब्युलन्सचा हिशेब वेगळा आहे. 108 ची गाडी कुठल्या गल्लीला नेमून दिलेली नसते. 2014 पासून राज्यभर ही सेवा चालते आणि फोन घेणारं केंद्र पुण्यात औंधला आहे. तुम्ही गडचिरोलीहून बोला की सावंतवाडीहून, उचलणारा माणूस तिथलाच. म्हणूनच तो आधी जिल्हा, तालुका आणि गाव विचारतो. हे प्रश्न ऐकून चिडणारे मी पाहिलेत, पण ते टाळता येत नाहीत. 112 चा फोनही असाच आधी लांबच्या केंद्रात जातो आणि तिथून आपल्या जिल्ह्याकडे येतो.

मोकळ्या गाड्यांपैकी जवळची गाडी पाठवली जाते. ती एरवी उभी असते ग्रामीण रुग्णालयात, एखाद्या आरोग्य केंद्रात किंवा ठरवून दिलेल्या दुसऱ्या जागी. तिथे जाऊन चालकाला विचारलं तर रात्री गाडी कुठे असते ते समजतं. पण त्यावर भिस्त ठेवू नये. ती रुग्ण घेऊन मोठ्या रुग्णालयात गेली असेल, तर तुमच्याकडे येते पुढच्या तालुक्यातली गाडी, आणि ती कोणत्या रस्त्याने येईल हे आधी सांगता येत नाही. अशा वेळी मुख्य रस्त्याच्या फाट्यावर माणूस उभा करणं हाच उपाय. बाळंतपणासाठी 102 ची गाडी निराळी असते. तिचा तळ गावातल्या आशाताईंना बहुधा ठाऊक असतो.

आमच्या वॉचमनच्या खोलीत आता एक कागद चिकटवला आहे. दोन केंद्रांची नावं, लँडलाइन नंबर, आणि चौकशी केल्याची तारीख. मागच्या गेटाची किल्ली त्याच खिळ्याला टांगली आहे.

नमस्कार.