निकालाआधीची प्रार्थना

मंडळी, वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांशी बोलणं हे माझं काम. त्यांच्यापैकी काहीजण एक विचित्र अडचण घेऊन येतात. प्रार्थना करायची आहे, पण कुणाची, हे ठरत नाही. दोघांपैकी एकाचा देव आहे आणि दुसऱ्याचा नाही. किंवा दोघांचाही होता, पण इतक्या वर्षांत तो कुठेतरी मागे राहिला.

ही मागणी बहुधा एकाच काळात येते. गर्भाशयात भ्रूण सोडला की रक्ताच्या तपासणीपर्यंत साधारण दहा ते चौदा दिवस जातात. त्या दिवसांत करण्यासारखं फारसं काही नसतं, ठरलेली औषधं तेवढी घ्यायची. त्यांत प्रोजेस्टेरॉन असतं. त्यानं छाती जड होते, थकवा येतो, पोट फुगल्यासारखं वाटतं. गर्भ राहिल्यावरही हेच होतं. म्हणजे शरीर काही सांगतंय असं वाटतं, आणि ते नेमकं काय सांगतंय हे कळायला मार्ग नसतो.

अशाच एका जोडप्यानं आपली प्रार्थना लिहून आणली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो.) 'आम्ही कुणाचं वाईट केलं नाही. आता तरी आमच्या पदरात मूल दे. या वेळी होणारच, असा विश्वास आमच्या मनात टिकू दे.' मी म्हटलं, समजा निकाल नकारार्थी आला, तर त्या संध्याकाळी हेच शब्द पुन्हा म्हणता येतील का?

दोघं बराच वेळ गप्प बसले. मग ती म्हणाली, "पहिलं वाक्य तर उलट अंगावर येईल. म्हणजे आम्ही काहीतरी वाईट केलं असणार." तिसरं वाक्य त्याहून घातक होतं. यश जर विश्वासावर टांगलं, तर अपयशाचा दोष विश्वास कमी पडणाऱ्याच्या माथी येतो. ती आधीच रडू दाबून धरत होती, कारण रडलं तर गर्भ रुजणार नाही असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. साडेतीन हजारांहून जास्त स्त्रियांची त्यात माहिती होती. उपचारांआधीचा मानसिक ताण आणि त्या फेरीतलं अपयश यांचा संबंध त्यात आढळला नाही. तिला मी हे सांगितलं. ती तिथेच रडली, आणि बरं झालं.

नवऱ्यानं विचारलं, "मग प्रार्थनेचा उपयोग काय? प्रार्थनेनं गर्भ राहतो असं सिद्ध झालंय म्हणे." तो 2001 सालचा एक शोधनिबंध. अनोळखी लोकांनी प्रार्थना केल्यावर गर्भधारणेचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं, असा त्यात दावा होता. पुढे त्यावर कडक टीका झाली, आणि तीन लेखकांपैकी एकानं आपलं नाव काढून घेतलं. त्या निबंधाच्या भरवशावर राहू नका, असंच मी त्याला सांगितलं. प्रार्थनेचं काम निकाल फिरवणं नाही. तोवरचे दिवस दोघांना एकाच घरात, एकमेकांपासून न दुरावता काढता यावेत, एवढंच तिच्याकडून मागायचं.

मग आम्ही मजकूर पुन्हा लिहिला. सौदा गेला, कुणाला 'दे' म्हणणं गेलं. मुलाची इच्छा मात्र ठेवली. काही जोडपी तीही पुसून टाकतात, 'जे होईल ते चांगलंच' असं लिहितात. मला ते खोटं वाटतं. त्यांना स्वतःलाही वाटतंच. शेवटी जे उरलं ते असं:

'आम्ही दोघं इथे आहोत.
आम्हाला मूल हवं आहे, खूप वर्षांपासून हवं आहे.
आमच्या हातात होतं ते झालं. उरलेलं कुणाच्याच हातात नाही, तुझ्याही नाही, माझ्याही नाही.
आज जे कळणार नाही, त्यासाठी आज एकमेकांना छळायचं नाही.
तू थकलीस तर मी बोलेन, मी थकलो तर तू बोल.
आजचा दिवस आपल्याला सोबत निभावता यावा.'

तिसरी ओळ त्यानं म्हणायची, असं तिनं ठरवलं. दोष त्याच्या शुक्राणूंच्या संख्येत निघाला होता, आणि 'तुझ्याही नाही, माझ्याही नाही' हे त्याच्या तोंडून यायला हवं होतं. पहिल्या दिवशी तो तिथेच अडला. तिनं घाई केली नाही.

निकाल नकारार्थी आला. त्या संध्याकाळी त्यांनी चौथी ओळ गाळली, बाकीची म्हटली. दुसऱ्या ओळीवर दोघांचाही आवाज फुटला, असं नंतर त्यानं सांगितलं.

एक मर्यादा सांगायलाच हवी. झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ गेली असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर प्रार्थनेवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

आणि नातेवाईक विचारतात, आम्हीही म्हणू का? जरूर म्हणा, फक्त आपल्या घरी, मनातल्या मनात. 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय' असं त्या दोघांना दर आठवड्याला कळवू नका. त्यांना ते 'काही बातमी आहे का?' असंच ऐकू येतं.