रकाना हजार अक्षरांचा

इंटर्नशिपच्या ऑनलाइन अर्जात सगळ्यात खाली एक रिकामा चौकोन असतो. त्यावर ‘अ‍ॅडिशनल इन्फॉर्मेशन’ लिहिलेलं असतं. आज मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल. पहिल्या वर्षाची पोरं एक तर तो कोरा सोडतात, नाही तर त्यात शाळेतला रजेचा अर्ज लिहितात. त्या रजेच्या अर्जावर माझा फार राग आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

मागच्या फेब्रुवारीत वणीकडच्या एका खेड्यातली पोरगी याच अभ्यासिकेत फोन घेऊन आली. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. डेटा नीट करण्याच्या कामाची इंटर्नशिप होती. म्हणाली, “सर, एकदा पाहून घ्या, मंग सबमिट करतो.” पाहिलं तर सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट’. मग स्वतःचं नाव, कॉलेज, दहावी-बारावीचे टक्के. हे सगळं वरच्या रकान्यांत एकदा भरून झालेलं. मग ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’. ती तशी आहेच, पण वाचणाऱ्याला ते कळायचं कसं?

तिनं हे वहीत लिहून, व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून चौकोनात पेस्ट केलं होतं. मजकूर साधारण तेराशे अक्षरांचा, चौकोनाची मर्यादा हजाराची. स्पेस आणि विरामचिन्हंसुद्धा अक्षरांत मोजली जातात. काही फॉर्म जास्तीचा मजकूर लाल करून दाखवतात, काही पेस्ट करतानाच शेपूट कापतात आणि बोलत नाहीत. मी तिला चौकोनात बोट फिरवून तळाशी जायला सांगितलं. शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटलेलं! गेलेल्या तीनशे अक्षरांत काय होतं? तिनं केलेल्या कामाची लिंक आणि सुट्टीच्या तारखा. ‘बेग टू स्टेट’ शाबूत राहिलं आणि कामाचं तेवढं गेलं. म्हणून पेस्ट केल्यावर शेवटचं वाक्य डोळ्यांनी वाचायचं. ठळक अक्षरं, तक्ते तिथे टिकत नाहीत. साधी वाक्यंच लिहायची.

मी विचारलं, “लिंक कशाची होती?” तर म्हणे, “काई नाही सर, बाबाच्या काटापट्ट्याचं.” बाप्पा, हे काही नाही? हमीभावाच्या कापूस खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर 12 टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि त्यापुढे माल परत. हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. या पोरीनं कापूस विकताना मिळालेल्या घरच्या आणि शेजारच्या 180 पट्ट्या, म्हणजे वजनाच्या पावत्या, एका शीटमध्ये उतरवल्या, कपातीचं सूत्र लावलं आणि मिळालेल्या रकमेशी ताडून पाहिलं. हे तिनं रेझ्युमेत लिहिलंच नव्हतं, कारण त्याचं सर्टिफिकेट नाही.

हो, शेवटची एसटी सव्वासहाची आहे, माझ्या लक्षात आहे. टिपण कसं लिहायचं ते आता भरभर सांगतो.

पहिल्या वर्षाचा अर्ज पाहिला की वाचणाऱ्याला आधी शंका येते, ‘हा चालेल का?’ म्हणून वर्ष लपवायचं नाही, पहिल्याच वाक्यात सांगायचं. मग जाहिरातीतलं एक काम धरून त्याच्याशी जुळणारं आपलं एकच काम, आकड्यासकट. मग काय येत नाही ते, एका वाक्यात. आणि तारखा. घरची अडचण तिथे मांडू नका. वर्ष वाया गेलं असेल तर मात्र कारण एका ओळीत द्या.

तिनं इंग्रजीत पाठवलं, ते मराठीत असं होतं:

“मी पहिल्या वर्षाला आहे आणि जाहिरातीत दुसऱ्या वर्षाची अट नाही, म्हणून अर्ज करते. तुमचं काम विस्कळीत नोंदी नीट करण्याचं आहे. मी कापूस खरेदीच्या हाती लिहिलेल्या 180 पावत्या एका शीटमध्ये भरल्या आणि ओलाव्याची कपात पुन्हा मोजली. 11 ठिकाणी माझा आकडा जुळला नाही. 9 वेळा मी 1 आणि 7 यांत गोंधळले होते; 2 अजून सुटलेल्या नाहीत, त्या शीटमध्ये वेगळ्या रंगात आहेत. लिंक रेझ्युमेच्या पहिल्या ओळीत आहे. शीटमधली सूत्रं येतात, डेटाबेस अजून शिकलेले नाही. 20 मे ते 30 जून पूर्णवेळ काम करू शकते.”

हजारात आरामात बसलं. त्या दोन न सुटलेल्या पावत्या ती काढून टाकणार होती, मी ठेवायला लावल्या. मुलाखतीला बोलावलं तेव्हा पहिला प्रश्न त्यांच्यावरच आला, आणि पंधरा मिनिटं ती फक्त त्याच दोन पट्ट्यांवर बोलली.