हजेरीचे टक्के काढताना भागायचं कशाने?

तर शिक्षक मंडळी, शीट उघडा. ए कॉलममध्ये रोल नंबर, बी मध्ये नाव, आणि C ते AG महिन्याचे 31 दिवस, हजर असेल तर P, गैरहजर असेल तर A. सुट्टीचा रकाना रिकामा सोडायचा, त्यात काहीच टाकायचं नाही, हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

```
AH2: =COUNTIF(C2:AG2,"P")
AI2: =COUNTIF(C2:AG2,"A")
AJ2: =AH2/(AH2+AI2)
```

AJ ला टक्क्यांचं फॉरमॅट द्या आणि तिन्ही खाली ओढा, झालं.

आता बरेच जण काय करतात, सरळ 31 ने भागतात. समजा ऑगस्टमध्ये शाळा 22 दिवस भरली आणि पोरगं 19 दिवस आलं, तर खरे टक्के 86.4, पण 31 ने भागलं की 61.3 येतात, आणि मग 75 टक्क्यांच्या खालच्या यादीत त्याचं नाव लागतं आणि आई शाळेत येऊन भांडते, आणि तिचं बरोबरच असतं ना! बरं, 22 ने सरसकट भागलं तरी फसतं. सातपूरहून एक मुलगी महिन्याच्या मध्यात दाखल झाली, तिच्यासाठी शाळा 11 दिवसच होती, त्यातले 9 ती आली, म्हणजे 81.8 टक्के. 22 ने भागाल तर 40.9. म्हणून तिचे आधीचे रकाने रिकामे ठेवायचे आणि ज्याच्या त्याच्या P अधिक A ने भागायचं.

आता चूक कशी पकडायची? AK मध्ये `=AH2+AI2` टाका. सगळ्यांचे 22 यायला पाहिजेत, उशिरा आलेले सोडून. मागे एका वर्गाचे सगळ्यांचेच 23 आले. शोधलं तर गोदावरीला पूर, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी, त्या दिवशी शाळेला सुट्टी आणि आमच्या एका सरांनी अख्ख्या वर्गाला A लावून ठेवलेला! एखाद्याचेच 21 आले तर बहुतेक P च्या मागे स्पेस पडलेली असते, मोबाईलवरून भरलं की हमखास. डोळ्यांना दिसत नाही पण COUNTIF ला तो P वाटत नाही. छोटा p चालतो, स्पेस नाही चालत. त्या रांगेतले रकाने पुसून परत टाइप करा.

आणि महिने जोडताना टक्क्यांची सरासरी काढू नका हो. जूनमध्ये 10 पैकी 5, म्हणजे 50 टक्के, जुलैत 25 पैकी 24, म्हणजे 96. सरासरी 73, मुलगा 75 च्या खाली गेला. पण हजर दिवस 29, एकूण 35, खरे टक्के 82.9. म्हणून दर महिन्याचे AH आणि AK पुढच्या शीटवर न्यायचे, AJ तिथेच राहू द्या.